नोटरीकडे जाण्याआधी: ‘सेम पर्सन’च्या अफिडेव्हिटचा मसुदा कसा तपासावा

गोव्यात वकिलाच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या माणसाच्या हातात लवकरच जो मसुदा पडतो, तो बहुधा ‘सेम पर्सन’चा असतो. वेगवेगळ्या कागदांवर दोन-तीन वेगळी नावं आहेत, पण माणूस एकच, असं शपथेवर सांगणारं हे अफिडेव्हिट. आपल्याकडे त्याची गरज पडण्याचं कारण उघड आहे. १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत आणि त्यांत नाईक Naique होतो, प्रभू Porobo होतो. पुढे जमिनीचा सर्व्हे झाला तेव्हा उताऱ्यावर इंग्रजी वळणाची नावं आली. आधार कार्डावर आणखी तिसरंच काहीतरी असतं.

मसुदा जेमतेम दीड पानाचा असतो, त्यामुळे तो कुणी नीट वाचत नाही. जुनी फाइल उघडायची, नाव बदलायचं, प्रिंट काढायची आणि नोटरीकडे धाडायचं, अशी बऱ्याच ऑफिसांची रीत आहे. परत येणारी अफिडेव्हिटं याच रीतीतून निघतात. फोंड्याच्या एका ऑफिसात हे मसुदे तपासताना जी पद्धत अंगवळणी पडली, ती इथे एका नमुन्यावर दाखवतो. नमुन्यातला माणूस, तारखा आणि सर्व्हे नंबर समजावण्यापुरते रचलेले आहेत.

आधी कागद, मसुदा नंतर

मसुदा वाचायला घेण्याआधी मूळ कागद टेबलावर मांडा. मसुदा आधी वाचला की त्यातलं नाव डोळ्यांत बसतं आणि मग कागदावर काहीही असलं तरी आपण तेच वाचतो. झेरॉक्सवर भागवू नका. जन्मनोंदीची प्रमाणित प्रत, जमिनीचा एक-चौदाचा ताजा उतारा आणि आधार कार्ड समोर हवं. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक दस्तऐवजातलं नाव अक्षरन् अक्षर उतरवून घ्या. आद्याक्षर, टिंब, दोन शब्दांमधली मोकळी जागा, सगळं जसंच्या तसं.

आपल्या नमुन्यातले विष्णुबाब बोरीचे, शेती करणारे. त्यांच्या कागदांवर हे सापडतं:

- जन्मनोंद: Vixnum Naique. जन्म १४ मार्च १९५४, नोंद केल्याची तारीख २ एप्रिल १९५४.
- एक-चौदाचा उतारा, गाव बोरी, सर्व्हे नंबर ११२/४: कब्जेदाराच्या रकान्यात Vishnu R. Naik.
- आधार कार्ड: Vishnu Ramnath Naik, जन्मतारीख १४ मार्च १९५४.

उताऱ्यावरचं नाव आधारप्रमाणे पूर्ण व्हावं म्हणून मामलेदार कार्यालयात अर्ज द्यायचा आहे आणि त्याला हे अफिडेव्हिट जोडायचं आहे. हा उद्देश त्याच कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवा. मसुद्यातलं कुठलं वाक्य ठेवायचं आणि कुठलं काढायचं, हे पुढे त्यावरूनच ठरतं.

आता टाइप करून आलेला मसुदा पाहा. गोव्यात असे मसुदे बहुतेक इंग्रजीत असतात. इथे त्याचा आशय मराठीत देतो.

> मी, विष्णू रामनाथ नाईक, वय ७२ वर्षे, विवाहित, व्यवसाय शेती, राहणार बोरी, तालुका फोंडा, जिल्हा उत्तर गोवा, शपथेवर/प्रतिज्ञेवर सांगतो की:
>
> १. मी वरील पत्त्यावर राहतो.
>
> २. माझा जन्म २ एप्रिल १९५४ रोजी झाला असून जन्मनोंदीत माझे नाव Vixnum Naik असे आहे.
>
> ३. बोरी गावातील सर्व्हे नंबर ११२ ही जमीन माझ्या वडिलांनी १९४८ साली विकत घेतली.
>
> ४. सदर जमिनीचा मी एकमेव व पूर्ण मालक असून तिच्यावर अन्य कोणाचाही कसलाही हक्क नाही.
>
> ५. उताऱ्यात माझे नाव Vishnu R. Naik असे आहे. त्यानंतर मी माझे नाव बदलून Vishnu Ramnath Naik असे केले.
>
> ६. वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची, म्हणजे माझी आहेत.
>
> ७. हे अफिडेव्हिट ________ यांच्या कार्यालयात सादर करण्यासाठी केले आहे.
>
> सत्यापन: परिच्छेद १ ते ५ मधील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा आहे.
>
> ठिकाण: ______ दिनांक: ______

ओझरतं वाचलं तर यात वावगं काही दिसत नाही. म्हणून हा मसुदा तीन वेळा वाचायचा आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट शोधायची. तपशील, वाक्यं आणि रिकाम्या जागा एकाच वाचनात पकडायला गेलात तर तिन्ही निसटतात.

पहिलं वाचन: तपशील कागदाशी जुळतात का

डावा हात कागदावर, उजवा मसुद्यावर. एका वेळी एकच तपशील घ्यायचा आणि बोट ठेवून पुढे सरकायचं. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला कागद मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही मसुदा पाहा. नावं उच्चारून मात्र वाचू नका, अक्षरं सुटी सांगा. Naik आणि Naique यांचा उच्चार एकच होतो आणि चूक तिथेच लपते. आपल्या मसुद्यात दुसऱ्या परिच्छेदात नेमकं हेच झालंय. टाइप करणाऱ्याने Vixnum नीट उतरवलं, पण आडनाव सवयीने Naik टाइप केलं. सारं अफिडेव्हिट ज्या फरकापायी करतोय तो फरकच मसुद्यातून गेला. मामलेदार कार्यालयातला माणूस जन्मनोंद शेजारी धरणार आणि तिथल्या Naique बद्दल अफिडेव्हिटमध्ये एक शब्दही नाही असं त्याला दिसणार.

तारखांचा घोळ पोर्तुगीज नोंदींत ठरलेलाच. नोंदीत दोन तारखा असतात, मूल जन्मलं ती आणि नोंद लिहिली ती. नोंदीची तारीख सहसा वरच्या ओळींत भेटते, त्यामुळे पोर्तुगीज न येणारा माणूस तीच जन्मतारीख समजून उचलतो. आपल्या मसुद्यातलं २ एप्रिल तिथूनच आलं. आधारवर १४ मार्च आहे हे पाहिल्यावर नोंद पुन्हा वाचायची, लागलं तर पोर्तुगीज जाणणाऱ्याकडून वाचून घ्यायची. आधारवर आहे म्हणून १४ मार्च टाइप करून मोकळं होऊ नका. दोन कागदांत खरंच फरक असता, तर तो अफिडेव्हिटमध्ये सांगावा लागला असता. आणि तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहा. ०२-०४ म्हणजे दोन एप्रिल की चार फेब्रुवारी, असा प्रश्न कुणाला पडायला नको.

वय पुष्कळ जण वर्षातून वर्ष वजा करून काढतात. समजा अफिडेव्हिट १० फेब्रुवारी २०२६ रोजी होणार आहे. २०२६ वजा १९५४ म्हणजे ७२, पण विष्णुबाबांचा वाढदिवस १४ मार्चला आहे, म्हणजे त्या दिवशी ते ७१ वर्षांचे आहेत. वय नेहमी ज्या दिवशी सही होणार त्या दिवसाचं काढायचं. गंमत म्हणजे तेच काम २० मार्चपर्यंत लांबलं, तर मसुद्यातलं चुकीचं ७२ आपोआप बरोबर ठरतं आणि आपण दुरुस्त केलेलं ७१ चुकतं. म्हणून तारीख पुढे गेली की वयाकडे पुन्हा पाहायचं.

पत्त्यात तालुका आणि जिल्हा तपासा. फोंडा तालुका जानेवारी २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. त्याआधीच्या कागदांवर, आणि त्याआधीच्या अफिडेव्हिटवरून कॉपी केलेल्या प्रत्येक मसुद्यावर, उत्तर गोवा असतं. आज राहण्याचा पत्ता देताना दक्षिण गोवा लिहायचं. जुन्या कागदातला मजकूर उद्धृत करत असाल तर मात्र तो त्या कागदावर आहे तसाच ठेवायचा, मनाने सुधारायचा नाही. गावाच्या स्पेलिंगलाही हाच नियम. उताऱ्यावर Borim असेल तर उताऱ्याबद्दल बोलताना Borim.

सर्व्हे नंबर म्हणजे दोन आकडे असतात, नंबर आणि पोटविभाग. ११२ आणि ११२/४ एक नव्हे. नुसतं ११२ लिहिलं तर त्या सर्व्हेतले शेजाऱ्यांचे तुकडेही त्यात आले. शहरात सर्व्हे नंबरऐवजी पी.टी. शीट आणि चलता नंबर असतो, तो दोन्ही भागांसह लिहा. आधारचा नंबर घालायची पद्धत असेल तर शेवटचे चार आकडे पुरतात. अफिडेव्हिटच्या प्रती कुठे-कुठे फिरतात याचा पत्ता नसतो.

दुसरं वाचन: हे वाक्य हा माणूस कशाच्या बळावर सांगतो

हे वाचन सर्वांत महत्त्वाचं आहे आणि नवखी माणसं तेच गाळतात. हातात पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्याच्या समासात तीनपैकी एक खूण करा. माणसाने स्वतः पाहिलं, केलं किंवा अनुभवलं असेल तर ‘स्व’. कागदावरून सांगत असेल तर ‘का’. दुसऱ्याकडून ऐकलं असेल तर ‘ऐ’. एकही खूण बसत नसेल तर ते वाक्य बहुधा मत असतं किंवा कायदेशीर निष्कर्ष असतो, आणि त्याला अफिडेव्हिटमध्ये जागा नसते.

ही खूण आम्ही हौस म्हणून करत नाही. न्यायालयात द्यायच्या अफिडेव्हिटबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश १९, नियम ३ असं सांगतो की शपथ घेणाऱ्याने स्वतःच्या ज्ञानावरून सिद्ध करता येतील एवढ्याच गोष्टी सांगायच्या. अंतरिम अर्जांपुरती विश्वासावर आधारलेली विधानं चालू शकतात, पण त्यामागची कारणं द्यावी लागतात. मामलेदाराकडे जाणारं अफिडेव्हिट म्हणजे न्यायालयातला पुरावा नव्हे, तरीही शिस्त हीच पाळावी. उद्या तेच अफिडेव्हिट एखाद्या दाव्यात पुढे येतं आणि त्यावर विष्णुबाबांना उलटतपासणीत प्रश्न विचारले जातात.

आता मसुद्यावर खुणा करू. पहिला परिच्छेद ‘स्व’. दुसऱ्यात जन्मतारीख आहे. आपण केव्हा जन्मलो हे कुणालाच आठवत नसतं, म्हणून खूण ‘का’, आणि वाक्यही तसं हवं: ‘माझ्या जन्मनोंदीनुसार’.

तिसऱ्या परिच्छेदापाशी थांबा. वडिलांनी जमीन १९४८ साली घेतली म्हणतात, आणि विष्णुबाब जन्मले १९५४ साली. स्वतःच्या माहितीने हे सांगणं शक्यच नाही, आणि सत्यापनात तर परिच्छेद १ ते ५ स्वतःच्या माहितीचे आहेत असं लिहिलंय. अशा विसंगती सापडायला कायदा यावा लागत नाही, मसुद्यातल्या तारखा एका ओळीत मांडल्या तरी पुरे. इथे माणसालाच विचारायचं. आमच्याकडचं संभाषण साधारण असं होतं:

‘बाब, वडिलांनी जमीन घेतली हे तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘आई सांगायची. कागद मी पाहिला नाही.’

‘खरेदीखत घरात आहे?’

‘भावाकडे असेल.’

म्हणजे खूण ‘ऐ’. आता दोन वाटा आहेत. वाक्य ठेवायचं असेल तर ‘माझ्या आईने मला सांगितल्यावरून’ असं लिहायचं आणि सत्यापनात ते वेगळं दाखवायचं. नाहीतर काढून टाकायचं. कागदाच्या डोक्यावरचा उद्देश पाहा: उताऱ्यावरचं नाव पूर्ण करणं. जमीन कशी आली याच्याशी त्याचा संबंध नाही. मी हे वाक्य काढतो. अफिडेव्हिटमध्ये जास्तीचं वाक्य म्हणजे उलटतपासणीचा जास्तीचा प्रश्न. शिवाय इथे त्या भावाचं नाव न घेता त्याचा हिस्साही मध्ये आणला जातोय.

चौथा परिच्छेद गोव्यात सर्वांत धोक्याचा. ‘एकमेव व पूर्ण मालक’ हे शब्द बाहेरच्या राज्यांतल्या नमुन्यांवरून आपल्याकडे आले आहेत. आपल्याकडे लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि अर्धा वाटा जोडीदाराचा असतो. वारसाने आलेलीही त्यात येते. विष्णुबाब मसुद्याच्या पहिल्या ओळीत ‘विवाहित’ म्हणतात आणि चौथ्या परिच्छेदात ‘एकमेव मालक’ म्हणतात. दोन्ही एकाच पानावर, एकाच शपथेखाली. त्यात तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे जमीन वडिलांची होती, म्हणजे भावाचा प्रश्नही आहेच. त्या तुकड्यावर कूळ किंवा तिथे घर करून राहणारा मुंडकार असेल तर ‘अन्य कोणाचाही हक्क नाही’ हे विधान उताऱ्याच्याच वेगळ्या रकान्यात खोटं पडतं. म्हणून उताऱ्यातलं एकच नाव वाचून थांबू नका. कूळ आणि इतर हक्कांचे रकानेही पाहा.

या वाक्याला ‘स्व’, ‘का’, ‘ऐ’ यांपैकी कुठली खूण लावाल? एकही लागत नाही. मालकी हा निष्कर्ष आहे. कागद सांगतो तो एवढाच: ‘उताऱ्यातील कब्जेदाराच्या रकान्यात माझे नाव अमुक असे नोंदलेले आहे’. तेवढंच लिहायचं.

पाचव्या परिच्छेदात एक शब्द सगळं काम बिघडवतो: ‘बदलून’. विष्णुबाबांनी नाव कधीच बदललं नाही. वेगवेगळ्या कारकुनांनी ते वेगवेगळं लिहिलं, एवढंच. पण त्यांनी शपथेवर ‘बदलले’ म्हटलं की समोरचा अधिकारी नाव बदलल्याचे कागद मागणार, आणि त्याचं म्हणणं चूक नाही. गोव्यात नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे, त्याची वेगळी प्रक्रिया आहे. नुसत्या अफिडेव्हिटने नाव बदलत नाही. तेव्हा आधी माणसाला विचारून खात्री करा की खरोखर बदल झालाय की लिहिण्यातला फरक आहे. फरकच असेल तर ‘नोंदले आहे’, ‘लिहिले आहे’ अशी क्रियापदं वापरा. ‘त्यानंतर’ हा शब्दही काढा, कारण आधी काय आणि नंतर काय हे आपल्याला ठाऊक नाही.

सहावा परिच्छेद हा या अफिडेव्हिटचा प्राण. ही सगळी नावं माझीच, हे माणूस स्वतःच्या माहितीने सांगू शकतो, म्हणून खूण ‘स्व’. पण ‘वरील सर्व नावे’ एवढ्यावर भागवू नका. तिन्ही नावं त्या वाक्यात पुन्हा, पूर्ण लिहा. हा परिच्छेद अनेकदा एकटाच वाचला जातो. ‘याशिवाय माझे दुसरे नाव कुठेही नाही’ असली जोड मोहात पाडते, ती घालू नका. पासबुकात किंवा मतदार यादीत चौथं रूप निघालं की ते विधान खोटं ठरतं.

सुरक्षित वाटतं म्हणून काही जण प्रत्येक वाक्याआधी ‘माझ्या माहिती व विश्वासाप्रमाणे’ लावतात. त्याने उलटंच होतं. आपण कुठे राहतो हेसुद्धा माणूस विश्वासाने सांगतोय असं दिसतं आणि कुठलं वाक्य किती भक्कम आहे हेच वाचणाऱ्याला कळेनासं होतं.

सत्यापन समासातल्या खुणांवरून लिहायचं

जुन्या मसुद्यातलं सत्यापन कॉपी झालेलं असतं. आपल्या नमुन्यात परिच्छेद सात आणि सत्यापन एक ते पाचचं. सहावा, म्हणजे मुख्य परिच्छेदच, सत्यापनाबाहेर राहिला. हे होण्याचं कारण साधं आहे: परिच्छेदांना आपोआप क्रमांक देणारी सोय मध्ये वाक्य वाढवलं की क्रमांक पुढे सरकवते, पण सत्यापनातले आकडे हाताने टाइप केलेले असतात, ते जागचे हलत नाहीत. म्हणून सत्यापन अगदी शेवटी, परिच्छेद पक्के झाल्यावर लिहा. समासात ‘स्व’ असलेले क्रमांक स्वतःच्या माहितीत, ‘का’ असलेले अमुक दस्तऐवजावरून, ‘ऐ’ असलेले अमुक व्यक्तीने सांगितल्यावरून. समासातल्या खुणा तिथे उतरवल्या की सत्यापन झालं.

मसुद्यात खोट्या विधानाच्या शिक्षेचा उल्लेख असेल तर तिथे भारतीय दंड संहितेचं जुनं कलम तर राहिलं नाही ना, तेही पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खोट्या पुराव्याची व्याख्या कलम २२७ मध्ये आणि शिक्षा कलम २२९ मध्ये आहे.

दुरुस्त झालेला मसुदा असा होईल:

> मी, विष्णू रामनाथ नाईक, वय ७१ वर्षे, विवाहित, व्यवसाय शेती, राहणार बोरी, तालुका फोंडा, जिल्हा दक्षिण गोवा, प्रतिज्ञेवर सांगतो की:
>
> १. मी वरील पत्त्यावर राहतो.
>
> २. माझ्या जन्मनोंदीनुसार माझा जन्म १४ मार्च १९५४ रोजी झाला असून त्या नोंदीत माझे नाव Vixnum Naique असे लिहिलेले आहे.
>
> ३. बोरी गावातील सर्व्हे नंबर ११२/४ च्या उताऱ्यात कब्जेदाराच्या रकान्यात माझे नाव Vishnu R. Naik असे नोंदलेले आहे.
>
> ४. माझ्या आधार कार्डावर माझे नाव Vishnu Ramnath Naik असे आहे.
>
> ५. Vixnum Naique, Vishnu R. Naik आणि Vishnu Ramnath Naik ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची, म्हणजे माझीच आहेत.
>
> ६. हे अफिडेव्हिट मी फोंडा येथील मामलेदार कार्यालयात वरील उताऱ्यावरील नाव दुरुस्तीच्या अर्जासोबत सादर करण्यासाठी करीत आहे.
>
> सत्यापन: परिच्छेद १, ५ व ६ मधील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा आहे, परिच्छेद २, ३ व ४ मधील मजकूर त्यांत उल्लेखिलेल्या दस्तऐवजांवर आधारलेला असून तो मी खरा मानतो.

एक परिच्छेद कमी झाला आणि जमिनीच्या मालकीबद्दल एक अक्षर उरलं नाही. अर्जाला जे लागतं ते सगळं आहे.

तिसरं वाचन: रिकाम्या जागा

हे वाचन दुरुस्त्या झाल्यावरच करा, कारण दुरुस्ती करताना नव्या रिकाम्या जागा तयार होतात. फाइल वर्डमध्ये उघडी असतानाच Ctrl+F दाबून एकेक चिन्ह शोधा: `__`, `..`, `…`, `[` आणि `/`. ठिपक्यांचे दोन्ही प्रकार शोधायला हवेत, कारण ओळीने टाइप केलेल्या तीन टिंबांचं वर्ड बऱ्याचदा एकच चिन्ह करून टाकतो आणि मग `..` शोधून ते सापडत नाही. तिरप्या रेघेने निवडीच्या जागा सापडतात: मुलगा/मुलगी/पत्नी, शपथेवर/प्रतिज्ञेवर, कोकणी/मराठी. यांतला नको तो पर्याय प्रिंट काढण्याआधीच काढून टाका. शेवटी `^t` शोधा. काही जण रिकामी रेघ टॅबला अधोरेखा देऊन काढतात. ती रेघ डोळ्यांना दिसते, पण `__` शोधून हाती लागत नाही.

रिकाम्या जागेपेक्षा वाईट असते ती आधीच्या अशिलाच्या तपशिलाने भरलेली जागा. ती शोधायला चिन्ह नाही. मसुदा ज्या जुन्या फाइलवरून केला त्या माणसाचं नाव, गाव आणि सर्व्हे नंबर एकेक करून शोधा. पानाच्या तळाशी लहान अक्षरांत असलेला मजकूर विसरू नका, आधीच्या माणसाचं नाव तिथेच टिकून राहतं. इंग्रजी मसुद्यात बाईच्या अफिडेव्हिटमध्ये पुरुषाची सर्वनामं राहतात, तीही याच वाचनात पाहायची.

आता काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवायच्या असतात आणि नवखा माणूस उत्साहाने नेमक्या त्याच भरतो. सही होण्याचा दिवस आणि ठिकाण, नोटरीच्या रजिस्टरचा क्रमांक, ओळख पटवणाऱ्याची सही, या जागा सहीच्या वेळीच भरायच्या. तारीख आदल्या दिवशी टाइप केली आणि नोटरी दुसऱ्या दिवशी भेटले, तर शपथ एका दिवशी आणि तारीख दुसऱ्या दिवसाची होते. या जागांपुढे पेन्सिलीने बारीक फुली करून ठेवा. प्रिंटवर फुली नसलेली रिकामी जागा दिसली तर ती चूक समजायची. स्टँप पेपर वापरत असाल तर तो सहीच्या दिवशीचा किंवा आधीचा हवा, नंतरच्या तारखेचा चालणार नाही.

सहीच्या टेबलावर

विष्णुबाबांना इंग्रजी वाचता येत नाही. मग मसुदा त्यांना समजेल त्या भाषेत वाचून समजावला, असा शेरा शेवटी हवा, आणि तो खरा हवा. म्हणजे प्रत्यक्ष वाचून दाखवायचं, वाक्यावाक्याला थांबायचं. ‘बरोबर ना?’ असं विचारू नका. त्यावर सगळे होच म्हणतात. ‘उताऱ्यावर तुमचं नाव कसं लिहिलंय?’ असं विचारा आणि ते स्वतः काय सांगतात ते ऐका. चूक राहिली असेल तर ती इथेच बाहेर येते. समजावून सांगणाऱ्याचं नाव आणि भाषा शेऱ्यात भरलेली आहे का, तेही पाहून घ्या.

सही नोटरीसमोरच व्हायला हवी, ऑफिसात करून नेलेली नको. प्रत्येक पानावर सही घ्या. टेबलावर एखादा शब्द हाताने खोडून सुधारावा लागला, तर त्या दुरुस्तीशेजारी शपथ घेणाऱ्याची छोटी सही आणि नोटरीची खूण दोन्ही घ्या. नावात, तारखेत किंवा सर्व्हे नंबरात दुरुस्ती निघाली तर मात्र हाताने सुधारत बसू नका, पान नव्याने काढा. नोटरीचा शिक्का, सही, रजिस्टरचा क्रमांक आणि तारीख उमटली की टेबलावरून उठण्याआधी ती तारीख मसुद्यातल्या तारखेशी आणि पहिल्या ओळीतल्या वयाशी एकदा ताडून पाहा. मूळ प्रत अर्जासोबत जाते, म्हणून सगळ्या पानांची झेरॉक्स, शिक्क्याच्या बाजूसह, तिथेच काढून फाइलला लावा.